वाऱ्याचा पीळ आणि पोकळ खांब

महामार्गावर पुढच्या फाट्याची दिशा दाखवणारे मोठे हिरवे फलक असतात. त्यांतले काही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाय रोवलेल्या कमानीवर बसवलेले असतात, तर काही एकाच खांबावर. खांब रस्त्याच्या कडेला उभा असतो, त्याच्या वरच्या टोकाजवळून एक आडवा हात रस्त्यावर येतो आणि त्या हातावर फलक असतो. पहिल्या प्रकारात वारा खांबांना मुख्यतः वाकवतो. दुसऱ्या प्रकारात तो वाकवतो, शिवाय पिळतोही, कारण फलकावर आपटणाऱ्या वाऱ्याचा जोर खांबाच्या रेषेत नसून काही मीटर बाजूला असतो. दार उघडताना बिजागरीपासून दूर ढकलावं तसं वारा या खांबाला त्याच्याच उभ्या अक्षाभोवती फिरवू पाहतो. खाली खांब काँक्रीटमध्ये जखडलेला, वर फिरवणारा वारा, म्हणून मधल्या सगळ्या उंचीत पीळ भरतो.

हा पीळ किती, हे एका नमुन्याच्या खांबावर मोजता येतं. फलक तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच धरू, म्हणजे सहा चौरस मीटर. इमारती आणि इतर बांधकामांवरचा वारा मोजण्याचं भारतीय मानक आयएस 875 भाग 3 हे आहे. त्यात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर आणि मुंबईसाठी 44 मीटर दिलेला आहे. वेगाचा वर्ग करून त्याला 0.6 ने गुणलं की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. प्रत्यक्ष आराखड्यात उंची, भूभाग आणि फलकाचा आकार यांचे गुणकही लागतात. इथे हिशेब सोपा राहावा म्हणून दाब 1000 न्यूटन प्रति चौरस मीटर धरू, म्हणजे दर चौरस मीटरवर साधारण शंभर किलोचा रेटा. सहा चौरस मीटरवर तो 6 किलोन्यूटन होतो. फलकाचा मध्य खांबापासून चार मीटर दूर असेल, तर खांबावरचा टॉर्क 6 गुणिले 4, म्हणजे 24 किलोन्यूटन-मीटर. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला जवळजवळ अडीच टन वजन लटकवून खांब फिरवावा, इतका हा जोर आहे.

खांब कसला असावा? समजा 8 मिलिमीटर जाडीच्या चार पोलादी प्लेटा कोपऱ्यांत वेल्ड करून बाहेरून 300 मिलिमीटर बाजूची चौकोनी पेटी केली. आत पूर्ण पोकळी. लांबून हा खांब भरीव आणि दणकट वाटतो, पण त्याच्या आडव्या छेदात पोलाद जेमतेम दहावा भाग असतं, बाकी सगळी हवा. तरीही हा खांब 24 किलोन्यूटन-मीटरचा पीळ आरामात पेलतो. मात्र त्याच पेटीला एका कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत उभी चीर दिली, पोलादाचा एक कणही कमी केला नाही, तर तो पीळ त्याला झेपत नाही. पातळ भिंतीच्या बंद पेटीचं सगळं शास्त्र या फरकात आहे.

फरकाचं कारण भिंतीच्या आत आहे. टॉर्क लागला की खांबाचा वरचा काप खालच्या कापावरून किंचित घसरू पाहतो, आणि भिंतीतलं पोलाद त्या घसरण्याला विरोध करतं. या विरोधाला कर्तन ताण म्हणतात. ताणून धरणाऱ्या किंवा दाबणाऱ्या ताणाहून तो वेगळा आहे, कारण तो पृष्ठभागाला समांतर चालतो. आता खांबाच्या भिंतीचा एक छोटा आयताकृती तुकडा डोळ्यांसमोर आणावा. वरच्या आणि खालच्या कडांवर आडवा कर्तन ताण आहे. एवढाच असता, तर तो तुकडा गरगर फिरला असता. तो फिरत नाही, कारण त्याच्या डाव्या आणि उजव्या उभ्या कडांवरही तितकाच कर्तन ताण खांबाच्या लांबीच्या दिशेने काम करतो. आडव्या कर्तनाला उभ्या कर्तनाची जोड लागतेच.

या उभ्या जोडीतून एक महत्त्वाची गोष्ट निघते. तुकडा लांबीच्या दिशेने स्थिर राहायचा असेल, तर डाव्या कडेवरचा वर खेचणारा जोर आणि उजव्या कडेवरचा खाली खेचणारा जोर सारखे हवेत. जोर म्हणजे ताण गुणिले भिंतीची जाडी. म्हणून भिंत कुठे जाड, कुठे पातळ असली, तरी ताण आणि जाडी यांचा गुणाकार पेटीच्या पूर्ण वेढ्यात एकच राहतो. या गुणाकाराला कर्तन प्रवाह म्हणतात आणि सूत्रांत q हे अक्षर वापरतात. शेताला पाणी देणाऱ्या पाटात हेच दिसतं. पाट अरुंद झाला की पाणी वेगाने धावतं आणि रुंद झाला की संथ होतं, पण दर मिनिटाला पुढे जाणारं पाणी तेवढंच असतं. पेटीत पातळ भिंतीतला ताण जास्त, जाड भिंतीतला कमी, आणि प्रवाह सगळीकडे तोच.

हा प्रवाह टॉर्कशी कसा जोडायचा? भिंतीच्या प्रत्येक छोट्या लांबीवर q गुणिले ती लांबी एवढा जोर आहे. पेटीच्या आतला कोणताही एक बिंदू घेतला, तर त्या बिंदूपासूनच्या लंब अंतराने हा जोर गुणून त्याचा फिरवण्यातला वाटा मिळतो. पण लांबी गुणिले लंब अंतर म्हणजे त्या बिंदूपासून भिंतीच्या तुकड्यापर्यंत काढलेल्या त्रिकोणाच्या क्षेत्रफळाच्या दुप्पट. सगळ्या वेढ्याचे असे त्रिकोण जोडले, की पेटीने वेढलेलं क्षेत्रफळ दुप्पट होऊन हाती येतं. म्हणून

T = 2 A q, म्हणजेच τ = T / (2 A t)

इथे T टॉर्क, t त्या ठिकाणची जाडी आणि A भिंतीच्या जाडीच्या मध्यरेषेने वेढलेलं क्षेत्रफळ. हे A म्हणजे पोलादाचं क्षेत्रफळ नव्हे. विद्यार्थ्यांची सर्वात जास्त चूक इथेच होते. A मध्ये बहुतेक हवाच मोजली जाते, आणि तेच बरोबर आहे, कारण भिंतीतला जोर मध्यापासून किती लांब काम करतो हे त्या हवेवरूनच ठरतं.

हे सूत्र जर्मन अभियंता रुडॉल्फ ब्रेट याचं. रूर नदीकाठच्या व्हेटर गावात क्रेन बनवणाऱ्या कारखान्याचा तो भागीदार होता, आणि 1896 मध्ये जर्मन अभियंता संघाच्या नियतकालिकात त्याने पिळाच्या हिशेबावर लेख लिहिला. भरीव आणि निरनिराळ्या आकारांच्या दांड्यांच्या पिळाचा गणिती सिद्धांत फ्रान्सच्या सँ-व्हनाँने चार दशकं आधी, 1855 मध्ये मांडला होता. तो सिद्धांत अचूक आहे, पण प्रत्येक नव्या आकारासाठी अवघड समीकरण सोडवावं लागतं. ब्रेटने पातळ भिंतीच्या बंद आकारापुरती ती कसरत काढून टाकली. उरलं ते क्षेत्रफळ, जाडी आणि वेढ्याची लांबी, म्हणजे कारखान्यातल्या आरेखकाला टेप आणि कागदावर जमेल एवढं. क्रेनवाल्याच्या हातून हे झालं, यात नवल नाही. क्रेनचा बाहू लांब असतो आणि भार बाजूला झुलतो, म्हणून पिळाचा प्रश्न त्याच्या रोजच्या कामातलाच होता.

आपल्या खांबात आकडे घालू. बाहेरची बाजू 300, जाडी 8, म्हणून मध्यरेषेची बाजू 292 मिलिमीटर. A होतं सुमारे 85,260 चौरस मिलिमीटर. टॉर्क 24 किलोन्यूटन-मीटर म्हणजे 2 कोटी 40 लाख न्यूटन-मिलिमीटर. भागाकार केला की कर्तन प्रवाह दर मिलिमीटरला 141 न्यूटन येतो, आणि 8 मिलिमीटरने भागलं की ताण 17.6 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, म्हणजे तितकेच मेगापास्कल. साध्या बांधकामाच्या पोलादाला कर्तनात कायमचं वाकडं व्हायला साधारण 144 मेगापास्कल लागतात. आपला खांब त्याच्या आठव्या भागापर्यंतच गेला आहे. वाऱ्याने खांब वाकतो त्याचा ताण वेगळा, आणि तो यात नंतर मिसळावा लागतो. फलकाचा मध्य सहा मीटर उंच असेल तर तळाशी तो सुमारे 41 मेगापास्कल निघतो. दोन्ही मिळूनही पोलादाला घाम फुटत नाही.

आता चिरेकडे येऊ. जाडसर कागदाची नळी करून, कडा एकमेकींवर न चढवता नुसत्या शेजारी ठेवून, दोन हातांनी दोन टोकं उलट दिशांना पिळावीत. नळी जवळजवळ विरोध करत नाही. नीट पाहिलं तर शिवणीच्या दोन कडा एकमेकींपासून फाकत नाहीत, त्या एकमेकींवरून लांबीच्या दिशेने सरकतात. एक कडा वर, दुसरी खाली. त्याच शिवणीवर वरपासून खालपर्यंत चिकटपट्टी लावली की नळी एकदम ताठ होते. पट्टीचं वजन नगण्य आहे आणि तिने नळीत ताकद म्हणून काहीच घातलेलं नाही. तिने फक्त दोन कडांचं सरकणं थांबवलं.

आधी पाहिलेल्या उभ्या जोडीचं कर्तन इथे कामाला येतं. चिरेच्या कडेला पकडायला शेजारी काही नसतं, म्हणून त्या कडेवर लांबीच्या दिशेचा जोर शून्यच असणार. पण प्रवाह वेढ्यात सगळीकडे सारखा. एका जागी तो शून्य, तर सगळीकडे शून्य. पाट एका जागी फुटला की पुढे पाणी जात नाही, तसंच हे. मग चिरलेली नळी पिळाला विरोध करते तरी कशी? प्रत्येक प्लेट स्वतःच्या आठ मिलिमीटर जाडीतच तो विरोध करते. जाडीच्या एका पृष्ठभागावर कर्तन एका दिशेला, दुसऱ्या पृष्ठभागावर उलट दिशेला, आणि या दोघांमधलं अंतर जेमतेम काही मिलिमीटर. बंद पेटीत समोरासमोरच्या भिंतींमधलं अंतर 292 मिलिमीटर होतं. तरफ इतकी तोकडी झाल्यावर ताण प्रचंड वाढतो.

पीळ किती कोनात बसतो, याचं सूत्रही या सरकण्यातूनच निघतं, आणि ते समजलं की पाठ करावं लागत नाही. चिरलेली पेटी दर लांबीला θ एवढ्या कोनात पिळली, तर चिरेच्या दोन कडा एकमेकींवरून 2 A θ इतक्या सरकतात. पेटी बंद असेल तर हे सरकणं शून्य व्हायला हवं. ते शून्य करायचं काम भिंत करते. वेढ्यातली प्रत्येक भिंत कर्तनाने किंचित तिरकी होते, आणि ती सगळी तिरकस सरक एकत्र जोडली की नेमकी 2 A θ भरते. तिरकी होण्याचं प्रमाण म्हणजे ताण भागिले पोलादाचा कर्तन मापांक G. सगळं एकत्र मांडलं की दर लांबीचा पीळ असा येतो:

θ = (T / (4 A² G)) ∮ ds/t

शेवटच्या चिन्हाला घाबरण्याचं कारण नाही. प्रत्येक बाजूची लांबी तिच्या जाडीने भागायची आणि सगळ्या बाजूंची बेरीज करायची, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या खांबात चार बाजू, प्रत्येकी 292 भागिले 8, एकूण 146. पोलादासाठी G सुमारे 77,000 मेगापास्कल. उत्तर येतं दर मीटरला 0.00157 रेडियन, म्हणजे सुमारे 0.09 अंश. सहा मीटर उंचीवर हे अर्धा अंश होतं, आणि चार मीटर दूर असलेला फलकाचा मध्य केवळ पिळामुळे जेमतेम चार सेंटिमीटर मागे जातो. चिरेच्या कडा किती सरकल्या असत्या तेही काढता येतं. 2 A θ म्हणजे 0.27 मिलिमीटर. जाड कार्डाच्या जाडीएवढं हे सरकणं कोपऱ्यातल्या वेल्डने रोखलं, आणि त्या रोखण्यातच खांबाचा ताठपणा आहे.

चीर दिलेल्या खांबाचा हिशेब सँ-व्हनाँच्या वाटेने करावा लागतो. त्यात पेटीच्या क्षेत्रफळाऐवजी जाडीचा घन येतो, म्हणून पातळ प्लेटेचं फार नुकसान होतं. आपल्या मापांत बंद खांब चिरलेल्या खांबापेक्षा पिळाला जवळपास एक हजार पट ताठ निघतो. ताणाच्या बाबतीत फरक सुमारे 55 पट. त्याच वाऱ्याला चिरलेल्या खांबातला ताण कागदावर 963 मेगापास्कल दिसतो. पोलाद एवढं सोसणारच नाही, त्याच्या कितीतरी आधी ते कायमचं वाकडं होईल. 144 मेगापास्कलची मर्यादा धरली तर फलकावर जेमतेम नव्वद किलोचा रेटा झेपेल, आणि तेवढ्यानेही वरचं टोक सुमारे ऐंशी अंश फिरेल.

या ऐंशी अंशांबाबत एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. खांबाची दोन्ही टोकं मोकळी असतील, चिरेच्या कडांना हवं तसं सरकता येत असेल, तरच तो आकडा खरा. प्रत्यक्षात तळाला जाड बेसप्लेट वेल्ड केलेली असते आणि तिथे कडा सरकू शकत नाहीत. त्यामुळे चिरलेल्या खांबाला तळाजवळ बरीच मदत मिळते आणि सहा मीटरच्या खांबात तो बराच कमी पिळेल. पण ही मदत फुकट नसते. रोखलेल्या सरकण्यामुळे तळाशी भिंतींत उभे ताण आणि दाब तयार होतात, आणि वेल्डवर आधीच सगळा भार असलेल्या जागी ते येऊन बसतात. बंद चौकोनी पेटीची अशी अडचण नसते. चारही बाजू आणि जाड्या सारख्या असलेली पेटी पिळली तरी तिचा छेद सपाटच राहतो, वर-खाली सरकू पाहत नाही.

कारखान्यात या सगळ्याचा अर्थ एका गोष्टीवर येऊन थांबतो, आणि ती म्हणजे कोपऱ्यातला वेल्ड. चार प्लेटांची पेटी करताना प्रत्येक कोपऱ्यात दर मिलिमीटर लांबीला 141 न्यूटन, म्हणजे सुमारे चौदा किलोचा जोर एका प्लेटेतून दुसरीत जायला हवा. पाच मिलिमीटरचा अखंड फिलेट वेल्ड घातला तर त्याचा कामाचा घसा साडेतीन मिलिमीटर धरतात, आणि त्यातला ताण सुमारे 40 मेगापास्कल होतो. चिंतेचं काही नाही. पण वेल्डिंगचा खर्च आणि प्लेटांचं वाकणं वाचवण्यासाठी फॅब्रिकेटर कधी कधी अखंड वेल्डऐवजी टाके मारतात. पन्नास मिलिमीटर वेल्ड, शंभर मिलिमीटर मोकळी जागा, पुन्हा पन्नास वेल्ड. मोकळ्या जागेतला प्रवाह कडेवरून पलीकडे जाऊच शकत नाही. तो प्लेटेतल्या प्लेटेत वळतो आणि पुढच्या टाक्यात एकवटतो. टाक्यावर तिप्पट जोर येतो, ताण 120 मेगापास्कल होतो, आणि भारासाठीचा दीडपटीचा गुणक धरला की हा आकडा वेल्डच्या मर्यादेला टेकतो.

मर्यादेला टेकतो पण ओलांडत नाही, असं म्हणून सोडून द्यावं, तर वारा एकाच बाजूने वाहत नाही. झोत येतो, ओसरतो, मागून येतो, मोठा ट्रक फलकाखालून गेला तरी हवेचा धक्का बसतो. प्रत्येक वेळी टाक्याच्या दोन्ही टोकांना ताण उलटसुलट होतो. टाक्याचं टोक म्हणजे जिथे वेल्ड सुरू होतो आणि थांबतो ती जागा, आणि बारीक तडा जायला याहून सोयीची जागा नाही. तडा एका टाक्याच्या टोकाला सुरू झाला की तो टाका आखूड होतो, शेजारच्यावर भार वाढतो. शिवाय टाक्यांमधल्या फटीतून पावसाचं पाणी आत जातं आणि भिंत आतून गंजायला लागते. बाहेरून रंगाची फट दिसते, तिच्यातून तांबूस रेघ खाली ओघळलेली असते. तपासणीला गेलेल्या माणसाला खांबाच्या इतर कोणत्याही डागापेक्षा कोपऱ्यावरच्या या रेघेने थांबवायला हवं.

टाक्यांवर जसा जोर एकवटतो, तसा गंजाने पातळ झालेल्या भिंतीवर ताण एकवटतो. समजा चारपैकी एक भिंत आतून गंजून 8 ची 4 मिलिमीटर उरली. वाटेल की टॉर्क आता बाकीच्या तीन भिंती वाटून घेतील. तसं होत नाही. प्रवाह तोच, 141 न्यूटन. तीन जाड भिंतींत ताण पूर्वीसारखाच 17.6 राहतो आणि पातळ भिंतीत तो दुप्पट, 35 मेगापास्कल होतो. पीळ मात्र साऱ्या खांबाचा वाढतो, कारण 292 भागिले 4 म्हणजे 73, आणि एकूण बेरीज 146 वरून 182.5 वर जाते. म्हणजे पंचवीस टक्के जास्त पीळ. गंजलेला खांब वाऱ्यात जास्त डुलताना दिसतो तेव्हा त्याचं मूळ एखाद्या एकाच भिंतीत असू शकतं, आणि ती भिंत शोधण्यासाठी अल्ट्रासोनिक जाडीमापकाने चारही बाजू मोजाव्या लागतात. एका बाजूची जाडी मोजून समाधान मानणं इथे चालत नाही.

आकाराच्या बाबतीत A चं राज्य चालतं. तेवढंच पोलाद, तेवढाच वेढा, पण खांब चौकोनी न करता दिसायला सडपातळ असा 484 बाय 100 मिलिमीटरचा चपटा केला, तर क्षेत्रफळ घटून ताण पावणेदोन पट आणि पीळ तिपटीहून थोडा जास्त होतो. याउलट तोच पत्रा गोल वळवला तर क्षेत्रफळ सर्वात जास्त मिळतं. ताण चौकोनाच्या सुमारे 79 टक्के आणि पीळ 62 टक्के उरतो. उंच दिव्याचे खांब गोल किंवा अष्टकोनी असतात त्यामागे वाऱ्याचा कमी अडथळा आहेच, पण हाही फायदा आहे. आणखी एक अनपेक्षित गोष्ट अशी की चौकोनी पेटीच्या बरोबर मध्ये उभी प्लेट घालून तिचे दोन सारखे कप्पे केले, तर पिळाला काहीही फरक पडत नाही. दोन्ही कप्प्यांतले प्रवाह मधल्या प्लेटेत एकमेकांविरुद्ध येतात आणि एकमेकांना पुसून टाकतात. ती प्लेट वाकण्यासाठी उपयोगी असेल, पिळासाठी ती नुसतं वजन आहे.

मग जाडी आठऐवजी तीन किंवा चार मिलिमीटर का करू नये, असा प्रश्न उरतो, कारण ताणाला तर भरपूर जागा आहे. सूत्र याचं उत्तर देत नाही. ते गृहीत धरतं की पेटीचा चौकोन चौकोनच राहतो आणि भिंती सपाट राहतात. भिंत फार पातळ झाली की ती ताणाने तुटण्याआधी तिला सुरकुती पडते. पिळाच्या कर्तनातून भिंतीत एका तिरक्या दिशेला ओढ आणि तिला काटकोनात दाब तयार होतो, आणि पातळ पत्रा त्या दाबाने तिरका फुगतो. शिवाय आडवा हात खांबाच्या एकाच भिंतीला वेल्ड केला, तर तो ती भिंत आत ढकलतो आणि चौकोनाचा समभुज तिरका चौकोन होऊ पाहतो. असा तिरकस झालेला छेद पिळाच्या सूत्राने मोजलाच जात नाही. म्हणून हात जिथे जोडतात, तिथे खांबाच्या आत आडव्या प्लेटा बसवतात. त्या टॉर्क स्वतः पेलत नाहीत. चौकोनाला चौकोन ठेवून तो टॉर्क चारही भिंतींत समान प्रवाहात वाटायचं काम त्या करतात. खांब बंद झाल्यावर या प्लेटा दिसत नाहीत, म्हणून पेटीची चौथी बाजू लावण्याआधीच त्या पाहून सही करायची असते.

सर्वात नाजूक जागा मात्र खांबाच्या तळाशी, माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर असू शकते. फलकावर दिवे असतील तर वायर आणि जोडणीसाठी खांबाला एक छोटं दार ठेवतात. समजा ते 150 मिलिमीटर रुंद आणि 400 मिलिमीटर उंच आहे. त्या चारशे मिलिमीटरपुरती पेटी उघडी आहे, आणि उघड्या पेटीत प्रवाह शून्य, हे वर पाहिलंच. चीर इथे आखूड आहे आणि तिच्या वर-खाली बंद खांब आहे, म्हणून खांब कोसळत नाही. पण भिंतीतला प्रवाह दाराच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांतून वाकून जायला पाहतो, आणि पट्ट्या त्या चारशे मिलिमीटरमध्ये छोट्या तुळयांसारख्या वाकतात. दाराचे कोपरे काटकोनी ठेवले, तर सगळा ताण तिथे जमतो आणि तडा कोपऱ्यातूनच तिरका निघतो. यावर उपाय जुना आणि स्वस्त आहे. दाराचे कोपरे गोल करायचे आणि दाराभोवती भिंतीपेक्षा जाड पोलादी चौकट अखंड वेल्डने बसवायची. दाराचं झाकण स्क्रूने लावलेलं असतं, म्हणून हिशेबात ते धरायचं नसतं. स्क्रूची भोकं सैल असतात, आणि पाव मिलिमीटरचं सरकणं रोखायला तेवढी सैलसुद्धा फार होते.

तपासणीत दार उघडून आत टॉर्च मारायची आणि चौकटीच्या चारही कोपऱ्यांवर रंग तडकला आहे का ते पाहायचं. तडा असेल तर त्याचं टोक जिथे संपतं तिथे मार्करने खूण करून तारीख लिहितात, आणि पुढच्या फेरीत तो खुणेच्या पुढे गेला आहे का ते पाहतात. पुढे गेला असेल, तर फलक आणि आडवा हात आधी खाली उतरवायचा आणि मगच खांबाला हात लावायचा.